शहापूरहून ठाण्यात दिवाळीचा धंदा: चकलीच्या भाजणीचा पूर्ण हिशोब

प्रश्न: मी शहापूरला राहते. घराला ओसरी आणि मागे अंगण आहे. हाताशी ५० हजार रुपये आहेत. पावसाळ्यात छत्र्या-रेनकोट, गणपतीत सजावट आणि दिवाळीत कंदील किंवा फराळ, असं सीझनप्रमाणे काहीतरी करायचा विचार आहे. नात्यातली बरीच माणसं ठाण्यात आहेत. यातलं काय निवडू आणि सुरुवात कशी करू?

ताई, मी ठाण्यात सोळा वर्षं दिवाळीचा फराळ ऑर्डरप्रमाणे करून देते. त्याआधी दोन वर्षं कंदील विकून पाहिले होते. तेव्हा दोन्हीकडचं पाहिलेलं सांगते.

सीझनच्या धंद्यात माल विकला जाईल का, ही काळजी सगळ्यांनाच असते. खरी अडचण वेगळी आहे. विक्रीचे दिवस मोजके असतात आणि त्या दिवसांत तुमच्या दोन हातांतून किती माल बाहेर पडेल त्याला मर्यादा असते. म्हणून कुठलीही वस्तू निवडताना मी दोन गोष्टी विचारते. गर्दीच्या आठवड्याआधी किती काम उरकून ठेवता येतं? आणि सण संपल्यावर उरलेल्या मालाचं काय होतं?

छत्र्या आणि रेनकोटची विक्री जूनच्या पहिल्या पावसापासून शाळा सुरू होईपर्यंत, म्हणजे जेमतेम पंधरा दिवस जोरात चालते. माल आधी रोख घ्यावा लागतो. पाऊस लांबला तर पैसे अडकतात, आणि घडी घालून ठेवलेला रेनकोट पुढच्या वर्षी उघडला की चिकटलेला निघतो. सजावटीत थर्माकोलला २०१८ पासून महाराष्ट्रात बंदी आहे. कागद-कापडाचं काम सुंदर होतं, पण दरवर्षी नवी तऱ्हा लागते. कंदिलाचंही तसंच. माझे उरलेले कंदील वर्षभर माळ्यावर राहिले आणि खाली काढले तेव्हा रंग उडालेले होते. ज्यांचं रस्त्याला लागून दुकान आहे त्यांना हे धंदे जमतात. तुमच्याकडे दुकान नाही. पण तुमच्याकडे ओसरी आहे, आणि ठाण्यातल्या माझ्यासारख्या बाईला नेमकी तीच मिळत नाही.

म्हणून माझं उत्तर एकच आहे. पहिल्या वर्षी पूर्ण फराळ करू नका. चकलीची भाजणी करा आणि तिच्याबरोबर मोजक्याच तयार चकल्या करा.

कारण सांगते. ठाण्यातल्या पुष्कळ घरांत चकली अजूनही हौसेने घरी तळतात. मुलांना सोऱ्या फिरवायचा असतो, सासूबाईंना आपल्याच हाताची चव हवी असते. पण भाजणी करायची म्हणजे तांदूळ-डाळी धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, एकेक करून भाजायच्या आणि गिरणीत नेऊन दळून आणायच्या. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सात किलो धान्य पसरायला जागा नसते आणि नोकरी करणाऱ्या बाईकडे दोन दिवस नसतात. चांगली भाजणी हातात मिळाली की तळणीचं काम ती एका संध्याकाळी उरकते. शिवाय भाजणी मोडत नाही. कोरडी राहिली तर दीड-दोन महिने टिकते आणि दसऱ्याच्या आधीपासून करून ठेवता येते. वर विचारलेल्या दोन्ही प्रश्नांना फराळाच्या पदार्थांत भाजणीइतकं चांगलं उत्तर दुसऱ्या कशाचंच नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. माझं एका खेपेचं प्रमाण असं: तांदूळ ४ किलो, हरभरा डाळ २ किलो, उडीद डाळ १ किलो, धणे पाव किलो आणि जिरे १०० ग्रॅम. घरोघरी यात थोडा फरक असतो. कोणी मूगडाळ घालतं, कोणी मूठभर पोहे किंवा साबुदाणा. तुमच्या घरात चालत आलेलं प्रमाण असेल तर तेच ठेवा, फक्त एकदा वजनावर लिहून काढा. वाटीच्या मापाने घरची चकली होते. धंद्यात मात्र प्रत्येक खेप सारखीच उतरायला हवी आणि त्याला तराजूच लागतो.

तांदूळ जुना घ्या. तुमच्या शहापूर-मुरबाड भागात भाताची काढणी दिवाळीच्या आसपासच होते आणि नवा तांदूळ स्वस्त मिळाला की मोह होतो. पण नव्या तांदळाला चिकटपणा असतो, त्याची चकली चिवट होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच मागच्या वर्षीचा साधा जाडा तांदूळ घेऊन ठेवा. महागड्या सुवासिक तांदळाची काही गरज नाही. भाजल्यावर आणि दळल्यावर तो सुवास राहत नाही.

तांदूळ आणि दोन्ही डाळी वेगवेगळ्या, दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि चाळणीत निथळून सुती धोतरावर किंवा चादरीवर सावलीत पातळ पसरा. धणे-जिरे धुवायचे नाहीत. वाळवणं हीच या कामातली सगळ्यात नाजूक पायरी आहे, आणि माझं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. एका वर्षी ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला. धान्य हाताला कोरडं लागत होतं म्हणून मी भाजायला घेतलं. वरून रंग छान आला, पण दाण्याच्या पोटात ओल होती. दळून आणलेल्या भाजणीत आठव्या दिवशी गुठळ्या झाल्या आणि आंबूस वास यायला लागला. बारा किलो भाजणी टाकून दिली आणि लोकांचे पैसे परत केले.

तेव्हापासून मी हातावर विश्वास ठेवत नाही, वजन करते. धुण्याआधी ७ किलो असलेलं धान्य वाळल्यावर पुन्हा ७ किलोच्या जवळ यायला हवं. साडेसात भरलं तर त्यात अर्धा लिटर पाणी आहे, इतका सोपा हिशोब. स्वच्छ ऊन असेल तर सावलीतसुद्धा एका दिवसात वाळतं. हवा दमट असेल तर ओसरीवर पंखा लावून दोन दिवस लागतात. ते दोन दिवस वेळापत्रकात आधीपासून धरा.

भाजताना प्रत्येक धान्य वेगळं आणि मंद आचेवर. तांदूळ भाजला की पांढराशुभ्र होतो, थोडा फुलतो आणि दाताखाली कुटकन तुटतो. हरभरा डाळ गुलाबीसर होते आणि खमंग वास सुटतो. उडीद डाळ किंचित गुलाबी झाली की लगेच उतरवायची, ती फार पटकन लाल होते. कच्चट राहिलेल्या भाजणीची चकली कडक होते आणि तिला पिठाचा वास येतो. जास्त भाजली तर चकली काळपट, कडवट होते आणि तेलात सुटायला लागते. धणे-जिरे शेवटी नुसते गरम करा. सगळं पूर्ण गार झाल्यावरच एकत्र करा.

गिरणीवाल्याशी आधी बोलून ठेवा. दळण तांदळावर किंवा हरभरा डाळीवर टाकायला सांगा, गव्हावर अजिबात नको. जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ तुमच्या पहिल्या किलो-दीड किलोत मिसळतं आणि त्याने चकली चिवट होते. ओळखीचा गिरणीवाला असेल तर सकाळी पहिलं दळण तुमचं घ्यायला तयार होतो, आणि त्याआधी तुमचाच किलोभर तांदूळ दळून घेतला की जातं साफ होतं. दळण अगदी मऊ नको, हाताला किंचित रवाळ लागलं पाहिजे. आणि हे विसरू नका, गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. ते तसंच पिशवीत भरलं तर आतून घाम येतो. घरी आणून परातीत पसरा, तीन-चार तासांनी चाळा आणि मग भरा.

या ७ किलो ३५० ग्रॅम धान्य-मसाल्याची माझ्याकडे साधारण पावणेसात किलो भाजणी हातात पडते. बाकीचं भाजताना आणि गिरणीत जातं.

आता पैशांचं. हे भाव माझ्या खरेदीवरून धरलेले आहेत, शहापूरच्या बाजारात विचारून तुमचे आकडे घाला. तांदूळ ५० रुपये किलोने २००, हरभरा डाळ ९० ने १८०, उडीद डाळ १३०, धणे-जिरे ७५. झाले ५८५. गिरणीचे ७० आणि गॅसचे ४५ धरले की एक खेप ७०० रुपयांत पडते. म्हणजे किलोला साधारण १०४ रुपये. अर्ध्या किलोच्या जाड पिशव्या आणि लेबल मिळून किलोमागे १२ रुपये. तयार पाकीट किलोमागे ११६ ला पडलं. ठाण्यात ओळखीच्या गिऱ्हाइकाला अर्ध्या किलोचं पाकीट १२० रुपयांना देता येतं, म्हणजे किलोला २४०. किलोमागे सव्वाशेच्या आसपास राहतात, पण यात तुमची मजुरी धरलेली नाही, हे लक्षात ठेवा.

तयार चकल्या करायच्या का? थोड्या करा. एकतर भाजणी विकताना लोक चव मागतात, आणि ज्यांना तळायला अजिबात वेळ नाही असं गिऱ्हाईक दर घराआड असतं. पण इथे हातांची मर्यादा लगेच दिसते. एका किलोत साधारण ५० चकल्या बसतात. घरगुती मोठ्या कढईत एका वेळी आठ चकल्या सुट्या तळल्या जातात आणि एका घाण्याला सात मिनिटं लागतात. म्हणजे तासाला साठ-सत्तर. एकीने पाडायच्या, एकीने तळायच्या, असं दोघींनी सहा तास न थांबता केलं तर ४०० चकल्या, म्हणजे दिवसाला ८ किलो. आणखी दोन बायका बोलावल्या तरी कढई एकच असेल तर आकडा वाढत नाही. नवीन माणसं नेमकी इथे फसतात. ऑर्डर घेताना ती बायका मोजतात आणि कढई मोजायची राहून जाते.

चकलीच्या एक किलो भाजणीला मी १०० मिली तेलाचं मोहन धरते. भाजणीच्या बरोबरीनं, किंचित कमीच पाणी मापून घ्यायचं. त्यात मोहनाचं तेल, मीठ, तिखट, ओवा आणि तीळ घालून उकळी आणायची, गॅस बंद करून भाजणी घालायची आणि वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवायची. मग लागेल तेवढी उकड घेऊन कोमट पाण्याच्या हाताने मळायची आणि पाडायची. सगळी एकदम मळून ठेवली तर शेवटच्या चकल्या तुटायला लागतात.

बिघाड ओळखायच्या खुणा सांगते. चकली तेलात पडताच सुटायला लागली तर मोहन जास्त झालं आहे, मळलेल्या गोळ्यात थोडी कोरडी भाजणी घाला. पाडतानाच तुकडे पडत असतील तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. दाताला कडक लागली तर मोहन कमी किंवा भाजणी कच्ची. आणि सगळ्यात फसवी चूक म्हणजे मोठी आच. चकली बाहेरून सुंदर लाल होते, त्या दिवशी कुरकुरीत लागते, आणि दुसऱ्या दिवशी सादळते, कारण आतलं पाणी निघालेलंच नसतं. तेल चांगलं तापल्यावर चकली सोडा, मग आच मध्यम करा आणि तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत काढू नका. रंग पाहून काढण्यापेक्षा बुडबुडे पाहून काढलेली चकली टिकते. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. रात्री तळून सकाळीच भरलेली बरी. तळणीचं उरलेलं तेल पुढच्या दिवशीच्या ऑर्डरच्या चकल्यांना वापरू नका, चार-सहा दिवसांत खवट वास येतो आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

एक किलो भाजणीच्या साधारण १ किलो ३०० ग्रॅम चकल्या होतात. भाजणीचे १०४, मोहनाचं आणि तळणीचं तेल ७०, तीळ-तिखट-ओवा १५, गॅस २०. बेरीज २०९, म्हणजे चकलीच्या किलोला १६०. त्यात कडक डबा २० आणि मदतीला येणाऱ्या बाईची ६०० रुपये रोजी आठ किलोंवर वाटून ७५. एकूण २५५. घरगुती भाजणीच्या चकलीला ठाण्यात ४८० रुपये किलोने गिऱ्हाईक मिळतं. किलोमागे २२५ राहतात.

आता पहिल्या वर्षाचा आकडा ठरवू. ६० किलो भाजणी पाकिटांत आणि २४ किलो चकल्या. चकल्यांना साडेअठरा किलो भाजणी लागेल, म्हणजे एकूण जवळजवळ ८० किलो, बारा खेपा. भाजणीतून ७ हजार ४०० आणि चकल्यांतून ५ हजार ४०० रुपये उरतात. नमुने, मोडतोड, गाडीभाडं वजा जाता हातात साधारण ११ हजार राहतील. कच्च्या मालाला आणि मजुरीला मिळून १३ हजार लागतात. मोठी जाड बुडाची कढई, दोन सोरे, चांगला तराजू आणि पिशव्या सील करायचं हातमशीन यांत आणखी ६-७ हजार. म्हणजे पन्नासातले तीस हजार तुमच्या खात्यातच राहतात, आणि ते तिथेच राहू द्या. पहिल्या दिवाळीत अकरा हजार ही छोटी रक्कम वाटेल. पण पितळी सोरा आणि कढई पुढची दहा वर्षं चालतात, आणि पहिल्या वर्षीचे साठ-सत्तर गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी स्वतःहून फोन करतात. माझ्या तिसऱ्या वर्षी निम्म्याहून जास्त ऑर्डर जुन्याच लोकांच्या होत्या.

वेळापत्रक तारखेवर न ठरवता सणावर ठरवा. दसरा ते लक्ष्मीपूजन यांत दरवर्षी १९-२० दिवस असतात, पण इंग्रजी तारीख खूप हलते. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता आणि दिवाळी २० तारखेच्या सुमाराला. २०२६ मध्ये अधिक महिना असल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. याचे धंद्यावर दोन परिणाम होतात. दिवाळी लवकर असली की वाळवणाच्या दिवसांत परतीचा पाऊस गाठतो. आणि दिवाळी महिन्याच्या विसाव्या तारखेला आली की लोकांचा पगार संपत आलेला असतो, बोनसची वाट पाहून ऑर्डर उशिरा येतात. ८ तारखेची दिवाळी पगारानंतर येते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात गर्दी एकदम वाढते. तेव्हा हातात तयार भाजणी असणं फार उपयोगी पडतं.

पितृपक्षात सहसा कोणी दिवाळीची ऑर्डर देत नाही. ते पंधरा दिवस एक खेप करून चाचणीला वापरा. नवरात्रात ठाण्यात नातेवाइकांकडे जाल तेव्हा शंभर-शंभर ग्रॅमच्या भाजणीच्या पुड्या आणि चार-चार चकल्या द्या. चकली खाऊन लोक छान म्हणतातच. भाजणीची पुडी दिलेली बाई दोन दिवसांनी ‘माझी चकली तुटली’ किंवा ‘मस्त काटे आले’ असं नेमकं सांगते, आणि ते ऐकण्यासाठीच ती पुडी द्यायची. दसऱ्यापासून ऑर्डर लिहायला घ्या. वसुबारसेच्या पाच दिवस आधी चकलीच्या ऑर्डर बंद करा, भाजणीच्या मात्र चालू ठेवा. तळणीचे तीन दिवस वसुबारसेच्या लगेच आधी ठेवा, म्हणजे चकली ताजी पोचते.

ऑर्डर वहीत लिहा आणि निम्मे पैसे आधी घ्या. नात्यातल्यांकडूनसुद्धा. मला हे शिकायला एक दिवाळी लागली. एका सोसायटीतून तोंडी ३० किलोची ऑर्डर आली होती. सगळ्या चांगल्या घरच्या बायका, आगाऊ पैसे मागायचा मला संकोच वाटला. प्रत्यक्षात १७ किलो उचलले गेले. कोणाकडे पाहुणे आले नाहीत, कोणाला ऑफिसातून डबा मिळाला. कोणीही मुद्दाम फसवलं नव्हतं. पण उरलेल्या १३ किलो चकल्या मी भाऊबिजेनंतर निम्म्या भावाने दिल्या. आगाऊ रक्कम दिलेली असली की माणूस किती हवं ते घरात विचारून मग सांगतो, आणि तुमचा आकडा खरा राहतो.

माल पोचवण्याचा विचार आत्ताच करा, कारण शहापूरजवळच्या आसनगाव स्टेशनहून ठाण्यापर्यंत लोकलने येताना चकलीचा भुगा होऊ शकतो. सकाळच्या गर्दीच्या गाड्या टाळा, दुपारी निघा. चकल्या पिशवीत आणू नका. एका डब्यात अर्धा किलोच भरा, डबा गच्च भरलेला असू द्या म्हणजे आत हलत नाही, आणि डबे एकावर एक ठेवून वरून घट्ट बांधलेला पुठ्ठ्याचा खोका करा. भाजणीची वीस-वीस पाकिटं वेगळ्या पिशवीत. एका फेरीत १० किलो भाजणी आणि ५-६ किलो चकल्या, याहून जास्त एका बाईने उचलू नये. आणि ठाण्यात दारोदार फिरू नका. एका नातेवाइकाचं घर ठरवा, वार आणि वेळ कळवा, गिऱ्हाइकांना तिथून घेऊन जायला सांगा. त्या घराला दोन किलो भाजणी प्रेमाने द्या, त्यांच्या दारावर चार दिवस घंटा वाजणार असते.

कागदपत्रांचं थोडक्यात. घरून विकलं तरी खाद्यपदार्थाला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या उत्पादकाची नोंदणी साधी असते, अर्ज foscos.fssai.gov.in वर स्वतः भरता येतो, दलालाची गरज पडत नाही. मिळालेला १४ आकडी क्रमांक लेबलवर छापा. त्याबरोबर पदार्थाचं नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं ते, तुमचं नाव-पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण. हे काम श्रावणातच सुरू करा, दिवाळीच्या तोंडावर नको. भाजणीच्या पाकिटावर मी पाठीमागे पाणी, मोहन आणि मिठाचं मापही छापते. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात, कारण भाजणी चांगली असूनही माप चुकल्याने चकली बिघडते आणि दोष भाजणीला लागतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. घरात लहान मूल असेल तर तळणीचे तीन दिवस दुसऱ्या मोठ्या माणसाचा हात हवा, उकळत्या तेलाजवळ एकटीने दोन्ही सांभाळणं बरं नाही. ठाण्यातली नातीगोती एकाच भागात असतील तर पोचवणं सोपं, चार दिशांना असतील तर पहिल्या वर्षी एकच भाग धरा. आणि शहापुरात मदतीला विश्वासाची बाई मिळत नसेल तर चकल्या १० किलोवर आणा आणि भाजणी वाढवा. भाजणी एकटीने होते.

उरलेल्या भाजणीचं काय, हे शेवटी. भाऊबिजेनंतर सात-आठ किलो शिल्लक राहिली तर घाबरू नका. तिची कडबोळी छान होतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत लोक आनंदाने घेतात. त्यानंतरही राहिली तर घरात वापरा, पुढच्या सणासाठी ठेवू नका. सुरुवात म्हणून या आठवड्यात फक्त एक लहान खेप करा: तांदूळ १ किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव किलो, धणे ६० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. धुण्याआधी, वाळल्यावर, भाजल्यावर आणि दळल्यावर, चारही वेळचं वजन वहीत लिहा. त्यातून अर्धा किलोच्या चकल्या करून डब्यात आठ दिवस ठेवा आणि रोज एक खाऊन पाहा. चौथ्या दिवशी सादळली तर मला ते चार आकडे आणि किती वेळ तळल्या तेवढं लिहून पाठवा, कुठे चुकलं ते सांगते.